दुसरीकडे होकार दिल्यावर जळगावच्या कंपनीला नकार कसा कळवावा

जळगाव-भुसावळ-धुळे पट्ट्यात नोकरीची ऑफर पुष्कळदा एकटी येत नाही. एचआरच्या पत्रामागे कुणाचा तरी शब्द असतो. मामांनी कुणाला तरी फोन केलेला असतो, कुणी काका त्या कारखान्याला कच्चा माल पुरवत असतात, किंवा शेठ आणि वडील एकाच गावचे असतात. त्यामुळे नकार एका कंपनीला दिला तरी तो तीन-चार घरांत पोचतो. नकार दिला म्हणून सहसा कुणी दुखावत नाही. तो उशिरा कळला, दुसऱ्याकडून कळला किंवा खोटं कारण लावून कळला, की माणसं दुखावतात.

मी एमआयडीसीतल्या कारखान्यांसाठी माणसं निवडण्याचं काम करते. नकाराचे फोन मलाच येतात आणि न येणाऱ्या फोनांची वाटही मीच बघते. म्हणून पुढचं सगळं टेबलाच्या या बाजूने लिहिते आहे.

उदाहरण एकच घेऊ. समजा चोपड्याची एक मुलगी आहे, रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेली, प्लॅस्टिकच्या कामाचा दोन-तीन वर्षांचा अनुभव असलेली. जळगाव एमआयडीसीतल्या एका पाइप कारखान्यात क्वालिटी कंट्रोलच्या जागेसाठी तिची मुलाखत झाली. ओळख काढून दिली ती कारखान्याला माल पुरवणाऱ्या काकांनी. त्याच आठवड्यात नाशिकच्या एका कंपनीने प्लॅस्टिकची नवी मिश्रणं, म्हणजे कंपाउंड, तयार करण्याच्या विभागात तिला जागा देऊ केली. बुधवारी तिने नाशिकच्या पत्रावर सही करून होकार पाठवला. गुरुवारी दुपारी जळगावचं ऑफर लेटर आलं: "सात दिवसांत कळवा."

आधी हातातला होकार तपासा

जळगावला नाही म्हणण्याआधी नाशिकचं पत्र तिने पुन्हा एकदा सावकाश वाचावं. पद, पगार, रुजू होण्याची तारीख आणि सही करणाऱ्याचं नाव त्यात आहे का? "कागदपत्रांची पडताळणी समाधानकारक झाल्यास" किंवा "वैद्यकीय तपासणीनंतर" अशा अटी आहेत का? अशा अटी बहुतेक पत्रांत असतात आणि तेवढ्यावरून घाबरायचं कारण नाही. पण मागच्या नोकरीच्या तारखा बायोडेटात एक आणि रिलीव्हिंग लेटरवर दुसऱ्या असतील, तर तो घोळ आधी नाशिकच्या एचआरला सांगून मिटवावा. तिने पाठवलेला होकार पोचल्याचा मेल परत आला आहे का, हेही बघावं.

फोनवरचं "तुमचं झालंच समजा" म्हणजे ऑफर नव्हे. त्या भरवशावर जळगावला नकार देऊन बसलेली मुलं मी पाहिली आहेत. तिकडचं पत्र पुढे आलंच नाही आणि इकडची जागाही भरली गेली. पत्र हातात नसेल तर जळगावकडे वेळ मागावा, आणि तारीख सांगून मागावा: "सर, मला सोमवारी संध्याकाळपर्यंत वेळ मिळेल का? त्याआधी नक्की कळवते." ठरलेली मुदत असेल तर वेळ मिळतो. "बघते, सांगते" असं मोघम बोललं की समोरच्याला टाळाटाळ वाटते.

पत्र आलं, सही झाली आणि पोच मिळाली, की जळगावची जागा हाताशी धरून ठेवायची नाही. तिकडे रुजू होईपर्यंत इकडे गप्प राहायचं, असा सल्ला घरातले कळकळीने देतात. मला तो पटत नाही, कारण त्या काळात इथे काय चाललेलं असतं ते मला माहीत आहे. निवड झालेल्याच्या खाली दुसऱ्या क्रमांकाचं नाव असतं. तो मुलगा पाच-सहा दिवस आमच्या फोनची वाट बघतो आणि मग कुठेतरी रुजू होतो. नकार दुसऱ्या दिवशी आला तर मी त्याच दुपारी त्याला फोन लावते आणि शेठपर्यंत प्रश्न जातच नाही. तोच नकार तीन आठवड्यांनी आला तर जाहिरात, मुलाखती सगळं पुन्हा सुरू करावं लागतं, आणि मागच्या माणसाचा नोटीस पिरियड संपत आलेला असतो. मग नकार देणाऱ्याचं नाव मिटिंगमध्ये निघतं.

फोन कुणाला आणि कधी

आमच्या मुलीने शुक्रवारीच फोन करावा. सकाळी आठ-नऊला करू नये. तेव्हा शिफ्ट बदललेली असते, रात्रीच्या मालाचे रिपोर्ट यायचे असतात आणि प्लांट मॅनेजर मशीनपाशी असतात. साडेदहा-अकराची वेळ बरी. कारखान्याची साप्ताहिक सुटी कोणत्या वारी असते तेही बघावं. एमआयडीसीत ती रविवारीच असेल असं नाही.

ओळख काढून देणारा माणूस असेल तर मोठा प्रश्न असतो: आधी त्याला सांगायचं की कंपनीला? पुष्कळ जण काकांनाच सांगतात, "काका, तुम्हीच शेठला सांगून टाका ना." असं कधी करू नये. काकांनी शब्द टाकला होता. आता तो परत घ्यायचं कामही त्यांच्याच गळ्यात पडलं तर ते पुन्हा कुणासाठी शब्द टाकणार नाहीत. याच्या उलटही बिघडतं. कंपनीला परस्पर सांगितलं आणि संध्याकाळी शेठनेच काकांना विचारलं, "तुमची मुलगी नाही म्हणाली की हो," तर काकांची मान खाली जाते.

म्हणून काकांना आधी फोन करावा, पण कंपनीला करण्याच्या दहा-पंधरा मिनिटंच आधी. आदल्या रात्री सांगितलं तर काका चांगल्या मनाने स्वतःच शेठला फोन करतील आणि तुमचं म्हणणं त्यांच्या शब्दांत पोचेल.

"काका, नमस्कार. तुमच्यामुळे जळगावला मुलाखत झाली आणि त्यांचं पत्रही आलं. पण त्याच्या आदल्या दिवशी नाशिकला मी होकार देऊन बसले होते. तिथे मला हवं तसं काम मिळतंय. तुम्हाला दुसऱ्याकडून कळायला नको म्हणून आधी तुम्हाला फोन केला. आता लगेच साहेबांना मी स्वतः सांगते."

"बरं पोरी. पण मंग मला शेठनं विचारलं तर?"

"सांगा काका, की तिने मला आधी सांगितलं होतं आणि ती स्वतः बोलणार होती. साहेबांशी बोलणं झालं की तुम्हाला पुन्हा फोन करते."

तो पुन्हा करायचा फोन विसरू नये. काकांना पुढच्या वेळी शेठसमोर बसायचं असतं आणि काय बोलणं झालं ते त्यांना माहीत असावं लागतं.

कंपनीत फोन करायचा तो ज्याने निवड केली त्याला. प्लांट मॅनेजरने मुलाखत घेतली आणि पत्र एचआरने पाठवलं असेल, तर आधी मॅनेजरशी बोलावं आणि मग एचआरला मेल करावा. छोट्या कारखान्यात शेठनेच मुलाखत घेतली असेल तर शेठशी बोलावं. फोन उचलला नाही तर व्हॉट्सअॅपवर नकार टाकून मोकळं होऊ नये. "सर, ऑफरबद्दल दोन मिनिटं बोलायचं होतं, कधी फोन करू?" एवढंच लिहावं. संध्याकाळपर्यंत दोनदा प्रयत्न करूनही बोलणं झालं नाही, तर मेल पाठवावा आणि त्यात फोन केल्याचा उल्लेख करावा.

फोनवर काय बोलायचं

नकार पहिल्या अर्ध्या मिनिटात यावा. आपल्याकडे आधी तब्येत, पाऊसपाणी आणि कापसाचा भाव यांवर पाच मिनिटं बोलून मग हळूच मुद्द्यावर यायची सवय आहे. एरवी ते छान आहे. इथे मात्र समोरचा माणूस "कधी रुजू होताय" असं विचारून पुढचं बोलायला लागतो आणि मग त्याला तोडणं आणखी जड जातं.

"नमस्कार सर, चोपड्याहून बोलते आहे, सोमवारी क्यूसीच्या जागेसाठी मुलाखतीला आले होते. बोलायला वेळ आहे का?"

"हां मॅडम, बोला. पत्र मिळालं ना?"

"मिळालं सर, मनापासून आभार. पण मला ही जागा स्वीकारता येणार नाही. बुधवारी नाशिकच्या एका कंपनीला मी होकार दिला. तिथे नवे कंपाउंड बनवण्याच्या विभागात काम आहे, आणि मला पुढे त्याच कामात जायचं आहे. तुम्हाला लगेच कळावं म्हणून आजच फोन केला."

यात कारण एकच आहे. ते खरं आहे आणि ते तिच्या वाटेबद्दल आहे, कारखान्याच्या उणिवांबद्दल नाही. "तुमच्याकडे शिफ्ट फार आहेत" किंवा "पगार कमी वाटला" हे खरं असलं तरी या फोनवर बोलायचं नाही. एचआरने नंतर आपणहून विचारलं तर पगाराबद्दल मोकळेपणाने सांगायला हरकत नाही. आम्हाला ती माहिती उपयोगी पडते.

खोट्या कारणाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण सर्वांत जास्त नुकसान तिथे होतं. "आईची तब्येत बरी नाही, सध्या नोकरीच करणार नाही" हे कारण मी फार ऐकते. मुलांना वाटतं, यात कुणाचा अपमान होत नाही. पण महिन्याभराने नाशिकच्या कंपनीच्या गेटसमोरचा फोटो व्हॉट्सअॅप स्टेटसला येतो, आणि कारखान्यातल्या कुणाच्या तरी फोनमध्ये त्या मुलीचा नंबर सेव्ह असतोच. त्याहून वाईट म्हणजे मॅनेजर भला माणूस असतो आणि काकांना भेटल्यावर काळजीने विचारतो, "आता तिच्या आईची तब्येत कशी आहे?" दुसरीकडे नोकरी घेतली यात लपवण्यासारखं काही नाही. मॅनेजर स्वतःही कधीतरी नोकरी बदलूनच इथे आलेला असतो.

कंपनीचं नाव सांगायचं की नाही ते फोनच्या आधी ठरवावं. दोन्ही कंपन्या एकाच बाजारात स्पर्धक असतील तर "रुजू झाल्यावर नक्की सांगते सर" म्हणणं चालतं. नाहीतर नाव सांगून टाकावं, शेवटी ते कळतंच. पगाराचा आकडा मात्र सांगू नये, कारण आकडा निघाला की बोलणं घासाघिशीवर जातं.

ती घासाघीस बहुधा समोरूनच सुरू होते.

"तिकडे किती देताहेत? मी शेठशी बोलतो, पाच हजार वाढवून देऊ. घरही जवळ पडेल तुम्हाला."

इथे पुष्कळ जण अडखळतात आणि "घरी विचारून सांगते" म्हणतात. संबंध खरा बिघडतो तो इथे. मॅनेजर शेठकडे जाऊन जीव तोडून पैसे मंजूर करून आणतो आणि दोन दिवसांनी पुन्हा नकार ऐकतो. पहिल्या नकाराचं त्याला काही वाटलं नव्हतं. दुसऱ्याने तो शेठसमोर खोटा पडतो. म्हणून उत्तर तिथल्या तिथे द्यावं:

"सर, तुम्ही एवढं म्हणालात हेच माझ्यासाठी खूप आहे. पण तिकडे सही झाली आहे. पैशासाठी आता शब्द मोडला तर तुम्हालाही माझा भरवसा वाटणार नाही. कृपया शेठजींना त्रास देऊ नका."

समोरचा चिडलाच तर वाद घालू नये. "तुमची अडचण झाली हे मला समजतं सर, त्याबद्दल दिलगीर आहे" एवढं बोलून थांबावं. सगळा फोन चार-पाच मिनिटांत आटोपतो.

त्याच दिवशीचा मेल

फोन झाला तरी लेखी कळवावंच. एचआरला फाइल बंद करायला आणि पुढच्या उमेदवाराला पत्र द्यायला तो कागद लागतो. नवा मेल न लिहिता ऑफर लेटर ज्या मेलवर आलं त्यालाच उत्तर द्यावं. पोर्टलवर स्वीकार-नकाराचं बटण असेल तर तेही दाबावं, पण फोनच्या आधी नाही. बटण दाबलं की एचआरला आपोआप सूचना जाते आणि मॅनेजरला बातमी एचआरकडून कळते. पत्र इंग्रजीत आलं असेल तर उत्तरही इंग्रजीत द्यावं. मजकूर असाच ठेवावा:

> विषय: क्वालिटी कंट्रोल केमिस्ट पदाच्या ऑफरबाबत
>
> आदरणीय मॅडम,
>
> आज सकाळी प्लांट मॅनेजर सरांशी फोनवर बोलणं झालं, त्यानुसार लेखी कळवत आहे. क्वालिटी कंट्रोल केमिस्ट या पदासाठी आपण देऊ केलेली नोकरी मला स्वीकारता येत नाही. आपलं पत्र येण्याआधी मी दुसऱ्या एका कंपनीला होकार दिला होता.
>
> मुलाखतीच्या दिवशी सरांनी स्वतः वेळ काढून लॅब आणि पाइपच्या जलदाब चाचणीची टाकी दाखवली, नमुना कसा घेतात ते समजावून सांगितलं. ते मला पुढेही उपयोगी पडेल. आपण, सरांनी आणि लॅबमधल्या सर्वांनी दिलेल्या वेळेबद्दल आभारी आहे.
>
> माझ्याकडून काही अर्ज किंवा कागदपत्र पूर्ण करायचं असल्यास कृपया कळवावं.
>
> आपली नम्र,

खाली पूर्ण नाव आणि फोन नंबर. पहिल्या परिच्छेदात नकार स्पष्ट आहे, "सध्या तरी जमेलसं वाटत नाही" असं अर्धवट काही नाही. अर्धवट लिहिलं की आम्हाला फोन करून विचारावं लागतं, नाही म्हणजे नक्की नाही ना? आणि आभार मानताना त्यात एक तरी गोष्ट त्या कारखान्याचीच हवी. जलदाब चाचणीच्या टाकीचा उल्लेख दुसऱ्या कुणाच्या मेलमध्ये येऊ शकत नाही. "आपल्या नामांकित संस्थेने मला योग्य समजलं" हे वाक्य मात्र प्रत्येक मेलमध्ये येतं आणि वाचलंही जात नाही. "भविष्यात संधी मिळाल्यास नक्की विचार करावा" ही विनंतीही इथे नको. आज जागा रिकामी टाकून उद्याची मागणं बरं दिसत नाही.

आपल्या जागी मैत्रिणीचं नाव सुचवायचं असेल तर आधी तिला विचारावं. मगच मॅनेजरला म्हणावं, "माझ्या ओळखीतली एक जण आहे, तुम्हाला हवं असेल तर तिचा बायोडेटा पाठवते." न मागता बायोडेटा पाठवू नये. दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार तयार असतो आणि मग आम्हाला तुमच्या मैत्रिणीलाही नकार द्यावा लागतो.

जळगावलाही आधी "हो" म्हटलं असेल तर

हा प्रसंग जास्त अवघड आहे. मुलाखतीच्या दिवशीच "येते सर" म्हणून गेलेली असते आणि मग नाशिकचं येतं. अशा वेळी नकार असल्यासारखं न बोलता शब्द मागे घेते आहे हे तिने स्वतःच्या तोंडाने म्हणावं: "सर, मी तुम्हाला येते म्हणाले होते. तो शब्द मला पाळता येत नाही, त्याबद्दल माफी मागते." जळगाव किंवा चोपड्यात असेल तर हे समोर जाऊन सांगितलेलं बरं. सही केली असेल तर पत्रात रुजू न झाल्यास काय याबद्दल कलम आहे का ते आधी वाचावं. मूळ प्रमाणपत्रं जमा केली असतील तर ती परत कधी मिळतील ते त्याच भेटीत विचारून घ्यावं. गणवेश, ओळखपत्र किंवा आगाऊ रक्कम घेतली असेल तर ती सोबत घेऊनच जावं. कॉलेजच्या प्लेसमेंटमधून निवड झाली असेल तर कंपनीआधी प्लेसमेंट अधिकाऱ्यांना सांगावं. पुष्कळ कॉलेजांत एका विद्यार्थ्याला एकच नोकरी असा नियम असतो, आणि पुढच्या वर्षी कंपनीने मुलं घ्यायला यावं ही जबाबदारी त्यांच्यावर असते.

काहीही झालं तरी न कळवता गैरहजर राहू नये. रुजू होण्याच्या दिवशी गेटवरच्या रजिस्टरमध्ये नाव लिहून ठेवलेलं असतं, सुरक्षारक्षकाला सांगितलेलं असतं, लॅबमधला जुना माणूस काम शिकवायला थांबलेला असतो. अकरा वाजता मी फोन लावते, तो वाजत राहतो. बारा वाजता लागतो आणि कट होतो. ऑफर नाकारलेल्या आणि आलेच नाही अशा उमेदवारांची नोंद आम्ही वेगवेगळी ठेवतो. पहिल्या यादीतल्यांना आम्ही पुन्हा बोलावतो. दुसऱ्या यादीतलं नाव दुसऱ्या कारखान्याच्या एचआरने विचारलं, तरी जे झालं ते सांगावं लागतं.

नंतरची दोन-तीन वर्षं

नाशिकला रुजू झाल्यावर एक छोटा मेसेज मॅनेजरला करावा: "सर, एक तारखेला रुजू झाले. तुमच्या सहकार्याबद्दल पुन्हा आभार." त्यानंतर दिवाळीच्या शुभेच्छा पुरेत, त्याही नाव घालून लिहिलेल्या, आलेला फोटो पुढे ढकललेल्या नव्हेत. गावी आल्यावर आखाजीला कुणाच्या लग्नात किंवा हिवाळ्यात भरीत पार्टीला मॅनेजर भेटले तर तोंड चुकवू नये, आपण होऊन पुढे जाऊन नमस्कार करावा. कधी लॅबसाठी मुलगा हवा म्हणून त्यांनी विचारलं तर दोन दिवसांत एखादं नाव द्यावं, किंवा कुणी नाही असं तरी कळवावं. याहून जास्त काही करायची गरज नसते. दर महिन्याच्या "गुड मॉर्निंग"ने संबंध वाढत नाही.

मनात राग राहिला आहे का हे मॅनेजर आणि काकांच्या बोलण्यावरून कळतं. मेलला उत्तर आलं नाही तर त्याचा अर्थ काढत बसू नये. कामाच्या गर्दीत आम्ही तशा मेलला उत्तर देत नाही. पण काका आधीसारखेच मोकळे बोलत असतील, आणि मॅनेजरने "तिकडचं काम कसं चाललंय" असं कामाचं काही विचारलं असेल, तर दार उघडं आहे.

खान्देशात परतणारी मुलं-मुली कमी नाहीत. कुणाचे आईवडील थकतात, कुणाचं लग्न पाचोऱ्यात किंवा अमळनेरला ठरतं. तेव्हा त्याच कारखान्याला पुन्हा फोन करायची वेळ आली तर जुना नकार आपणच पहिल्या वाक्यात काढावा, कारण तो आमच्या नोंदीत असतोच. "सर, दोन वर्षांपूर्वी क्यूसीची जागा मी नाकारली होती आणि नाशिकला गेले होते. आता जळगावला परत येते आहे. तिथे कंपाउंडचं काम शिकले. तुमच्याकडे त्या कामासाठी जागा आहे का, हे विचारायला फोन केला." एवढं बोलून थांबावं, आणि बायोडेटा कुणाला पाठवू ते विचारावं.